डोक्यावरची रेघ

नवघरच्या शाळेत सुचेताबाई पहिलीला शिकवायच्या, आणि पहिलीच्या बाईंचा जो काही धर्म असतो तो त्यांच्या बाबतीत एका रेघेत मावत होता. ती रेघ म्हणजे शिरोरेषा. आधी अक्षरं लिहायची, मग सगळ्या शब्दावरून डावीकडून उजवीकडे एकच रेघ. मध्ये हात उचलायचा नाही. "रेघेशिवायचा शब्द म्हणजे दोरीवर न घातलेलं धुणं," त्या पोरांना सांगत. "वाऱ्यानं उडून जाईल." स्वतः फळ्यावर रेघ ओढताना त्या वर्गाकडे बघत, तरी रेघ सरळ यायची. तिसऱ्या बाकावरच्या शिवाने ही गोष्ट हेरून ठेवली होती, आणि बाईंच्या हातालाच डोळे आहेत असं तो नव्या पोरांना सांगत असे.

अशा या बाईंना केस पांढरे व्हायला लागल्यावर एके दिवशी कळलं, की आपण शिक्षक आहोत की नाही हे अजून ठरायचं आहे. नोकरीत असलेल्यांनीही शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं, असा कोर्टाचा निकाल लागला होता. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी चहा तसाच राहिला. ज्यांची निवृत्ती जवळ होती ते सुटले, आणि सुटल्यामुळे फारच सहानुभूतीने बोलू लागले. सुचेताबाईंची निवृत्ती जवळ नव्हती, आणि तरुणपण तर मागेच कुठल्याशा जनगणनेत खर्ची पडलं होतं.

त्यांचे यजमान जितेंद्र काशीमीऱ्याला एका गोदामात सुपरवायझर होते. दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकून घरी आल्यावर त्यांना माणसाचा आवाज जरा उशिरा ऐकू यायचा. त्यांना बाईंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू शिकवत होतीस ते काय होतं?"

"ते आता नोव्हेंबरात कळेल," बाई म्हणाल्या.

हाटकेशला एका गाळ्याच्या माथ्यावर क्लास निघाला होता. खाली बाटल्यांची बुचं बनवायचं मशीन, वर बालमानसशास्त्र. मशीन दर श्वासाला 'ठक्' करायचं आणि त्या ठेक्यावर स्वप्नील सर शिकवायचे. सर वयाने बाईंच्या पहिल्या बॅचच्या पोरांपेक्षा लहान होते. गुणी मुलगा. स्वतः ही परीक्षा चार वेळा पास झाला होता आणि नोकरी एकदाही मिळाली नव्हती, त्यामुळे परीक्षेवर त्याचा अधिकार मोठा होता.

"मॅडमलोक, वह्या आणू नका," सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "स्लाइड्सची पीडीएफ ग्रूपवर टाकतोय. टॅब घ्या, पेन घ्या, मी बोलतो ते डायरेक्ट स्लाइडवर लिहा. जो मुद्दा तिथेच नोट. रिव्हिजनला एकच फाइल उघडायची."

बाईंची मुलगी स्वप्नाली फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्याकडे कोपऱ्याला तडा गेलेला एक जुना टॅब पडून होता, तो तिने आईला दिला. तिचं स्वतःचं सगळं शिक्षणच त्या काचेवर झालं होतं. शरीरशास्त्राच्या पुस्तकाची पानं आत घेऊन तिने स्नायू लाल, शिरा निळ्या, नसा पिवळ्या अशी रंगरंगोटी केली होती, आणि शेजारी बारीक अक्षरात 'व्हायवाला विचारतात' असं लिहिलं होतं.

"हे बघ मम्मी. पीडीएफ इथून अ‍ॅपमध्ये घ्यायची. हा पेन, हा हायलायटर, हा खोडरबर. चुकीच्या जागी लिहिलंस तर ह्या फासाने गोल कर आणि उचलून दुसरीकडे ठेव. दोन बोटांनी टॅप केलं की शेवटचं केलेलं रद्द. आणि हात काचेवर टेकव ना! अधांतरी काय लिहितेस?"

"उमटेल ना हात."

"नाही उमटत. त्याला पेन कळतं आणि तळवा कळतो."

बाईंना हे पटलं नाही. शाई ओली असताना हात टेकवायचा नाही हे त्यांना त्यांच्या बाईंनी छडीने शिकवलं होतं, आणि छडीने शिकवलेलं अ‍ॅपच्या सांगण्यावरून विसरता येत नाही. त्या हात अधांतरी ठेवूनच लिहीत राहिल्या आणि पंधरवड्यात खांदा धरला. स्वप्नालीने तो फुकटात चोळून दिला आणि कुठला स्नायू ते टॅबवर दाखवलं. तो लाल होता.

क्लासमध्ये त्यांच्या शेजारी विल्मा बसायची. विल्मा उत्तनच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवायची. नवरा व्हिन्सेंटची बोट होती. शाळेत ती छापील मराठी बोलायची आणि शाळा सुटली की सुटायची.

"गो सुचेता, तो काय बोलतो ता तुला कळतं हाय?"

"शब्द कळतात."

"माजं त्यापेक्षा बरं हाय. मना शब्दच कळत न्हाय. जीव हलका ऱ्हातो."

विल्माला मोबाइलवर वाचायची सवय होती, टॅब तिच्याकडे नव्हता. शिवाय उत्तनहून हाटकेशला यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, त्यात निम्मे वर्ग बुडायचे. म्हणून ठरलं असं, की बाईंनी स्लाइडवर लिहायचं आणि वर्ग सुटला की फाइल विल्माला पाठवायची. अ‍ॅप पाठवताना विचारायचं: टिपणांसह की टिपणांविना? बाई 'टिपणांसह' दाबायच्या. मग पान आणि त्यावरची शाई एकजीव होऊन विल्माच्या फोनवर जायची.

आता बाई स्लाइडवर लिहीत होत्या तरी काय? पहिल्या दिवशी त्यांनी सर बोलतात ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की सर जे बोलतात ते स्लाइडवर आधीच छापलेलं आहे. मग मोकळ्या जागेत काय लिहावं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईपुढे छापील मजकूर आणि हातात पेन आलं की जे व्हायचं तेच झालं. त्यांनी स्लाइड तपासायला घेतल्या.

'मूल वर्गात रडत असल्यास शिक्षकाने प्रथम त्याच्या भावनिक कारणांचा शोध घ्यावा.' शेजारी बाईंनी लिहिलं: आधी चड्डी बघावी.

'प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष द्यावे.' शेजारी: बाक मोजून बोला.

'सात वर्षांखालील मुलाला उंच पेल्यातले पाणी अधिक वाटते.' शेजारी: शिवाला दुसऱ्याच्या ताटातली खिचडी जास्त आहे हे बरोबर कळतं.

'लेखनदोष दिसताच दुरुस्त करू नये. मुलास स्वतः शोधू द्यावा.' शेजारी: मी रिटायर होईपर्यंत?

अधूनमधून सर "इम्पॉर्टंट" म्हणाले की त्या इंग्रजी अक्षरांत 'इम्प' असं लिहीत, मानसशास्त्रज्ञ पियाजेचं नाव सरांच्या फळ्यावरून इंग्रजीतच उतरवून घेत, बाकी सगळं मराठीत आणि घाईघाईत. वर्गात वेळ कमी, म्हणून नुसती अक्षरं लिहायची. रेघा नंतर, निवांत, घरी. हे त्यांचं जुनं वळण होतं. सभेचं इतिवृत्तसुद्धा त्या आधी बोडकं लिहायच्या आणि मग सगळ्या ओळींना एकदम रेघा घालायच्या, दळण झाल्यावर पीठ चाळावं तशा. पण क्लास सुरू झाल्यापासून घरी निवांत असं काही उरलंच नव्हतं. शाळा, क्लास, भाजी, परत शाळा. रेघा राहून गेल्या. एका फाइलच्या राहिल्या, मग सगळ्याच फाइलींच्या राहिल्या.

विल्माची तक्रार यायची. "सुचेता, तुजी अक्षरा बोडकी हायत. 'घ' हाय का 'ध' हाय ता कळत न्हाय."

"ठेव जपून. रेघा दिलेली नंतर पाठवते."

एकदा खिचडीच्या स्लाइडवरून सरांशी वादही झाला. वाद म्हणजे काय, बाईंनी हात वर केला.

"सर, हे वर्गात असं होत नाही."

सर दमलेले होते. खाली मशीन ठक् ठक् करत होतं. "मॅडम, वर्गात काय होतं ते परीक्षेला विचारत नाहीत," ते म्हणाले, आणि पुढची स्लाइड घेतली. बाईंनी तेवढं वाक्य मात्र शब्दशः उतरवून घेतलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात स्वप्नालीला आईची कणव आली. आई दर चुकीला खोडरबराच्या चित्रावर जाते, खोडते, परत पेनाच्या चित्रावर येते, आणि दर फेरीला "अगं बाई" म्हणते, हे तिने पाहिलं होतं. तिने अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक बटण चालू करून दिलं.

"आता खोडरबर नको मम्मी. नको असलेल्या शब्दावरून पेनाने सरळ रेघ मार. शब्द गायब."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या डाळीला फोडणी देत होत्या. 'बरं' हा फोडणीच्या वेळी आपोआप निघणारा शब्द आहे. त्याचा अर्थ ऐकलं असा होत नाही.

त्याच संध्याकाळी बाईंनी ठरवलं, आज रेघा. कुकर लावला, टॅब मांडीवर घेतला. दिवसभर चष्मा नाकावर रुतून दुखत होता तो कपाळावर सरकवला. चार्जिंग कमी म्हणून उजेड मंद केला. विल्माचा फोन आला तो स्पीकरवर ठेवला. ती व्हिन्सेंटच्या जाळ्याचं, मुख्याध्यापिकेच्या स्वभावाचं आणि परीक्षेच्या भीतीचं एकत्र सांगत होती. बाई "हं" म्हणत होत्या आणि हात रेघा ओढत होता. रेघ, पुढचा शब्द, रेघ. पहिलीच्या बाईला रेघ ओढताना बघावं लागत नाही. पेन उचललं की क्षणभराने अ‍ॅप त्याचं काम करायचं, तोवर बाईंचा हात पुढच्या शब्दावर गेलेला असायचा. एक फाइल संपली की बंद, दुसरी उघड. अंगात एक प्रकारची शांती भरत होती. खूप दिवसांनी त्यांना येत असलेलं काम त्या करत होत्या.

"गो, मी पास न्हाय झाले तं?" विल्मा म्हणाली.

"होशील गं. माझ्या नोट्स आहेत ना तुझ्याकडे."

जितेंद्र गोदामातून आले, मागून पाणी पीत उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे काय करतेस?"

"रेघा देतेय."

"कशाला?"

"शब्दांना."

"कुठल्या?"

बाईंनी चष्मा खाली घेतला. स्लाइड धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी स्वच्छ होती. फक्त एका कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत 'इम्प' होतं. ती तशीच उघडी ठेवून त्यांनी मागची फाइल उघडली. छापील मजकूर, पियाजेचं नाव इंग्रजीत, आणि 'इम्प'. त्याच्या मागची उघडली. दोन आकडे, एक प्रश्नचिन्ह, 'इम्प'. ज्याला रेघ लागत नाही ते सगळं जिवंत होतं. ज्याला रेघ लागते ते सगळं गेलं होतं, आणि जाताना रेघही घेऊन गेलं होतं.

"स्वप्नाली!" बाईंनी हाक मारली. ती हाक शेजारच्या शहाबेनपर्यंत गेली, आणि शहाबेनने "क्या हुआ सुचेताबेन?" म्हणून दारातून विचारलं. "कुछ नहीं, मराठी गया," जितेंद्र म्हणाले. शहाबेन "अच्छा" म्हणून आत गेली. तिला ते नवीन नसावं.

स्वप्नालीने टॅब हातात घेतला, एक शब्द लिहिला, त्याच्यावर आईसारखी रेघ ओढली. शब्द गेला. तिने कपाळावर हात मारला.

"मम्मी, तू डोक्यावर रेघ देतेस ना, तिला ते खोडणं वाटतंय."

"डोक्यावरची रेघ आणि खोडायची रेघ ह्यातला फरक पहिलीतल्या पोराला कळतो."

"अगं पण बघ ना. तुझ्या मात्रा-वेलांट्या रेघेच्या वर, अक्षर रेघेच्या खाली. म्हणजे रेघ शाईच्या मधून गेली. मधून गेली की त्याने खोडलं. इंग्रजीवर तू रेघ दिली नाहीस, म्हणून ते राहिलं."

"राहणारच," बाई म्हणाल्या.

स्वप्नालीने दोन बोटांनी टॅप केलं. शेवटच्या फाइलमधला एक शब्द उठून उभा राहिला. आणखी टॅप, आणखी एक शब्द. एकेक करून त्या फाइलमधली सगळी बोडकी अक्षरं परत आली, आणि बाईंचा श्वासही. पण आधीच्या फाइली त्यांनी शिस्तीत बंद केल्या होत्या, आणि हे अ‍ॅप फाइल बंद झाली की मागचं रद्द करायचं विसरायचं. बॅकअप घ्यायची जागा स्वप्नालीच्या स्नायूंनी भरलेली, म्हणून ते कधीचंच बंद होतं. शिस्त नसती तर वाचलं असतं.

फोन स्पीकरवर अजून चालूच होता. "गो सुचेता," आतून विल्माचा आवाज आला, "माज्याकडे हायत ना सगळ्या. पाठवू परत?"

सगळे फोनकडे बघू लागले. स्वप्नालीने टाळी वाजवली. "मिळालं! मावशी, पाठवा."

फाइली आल्या. स्वप्नालीने त्यातली एक फोनवरच उघडून आईपुढे धरली. बाईंनी बघितलं. स्लाइडच्या चारी बाजूंनी, ओळींच्या मधून, कोपऱ्यातून, त्यांचीच बोडकी अक्षरं दाटीवाटीने उभी होती, फाटकाबाहेर थांबलेल्या पालकांसारखी. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. ते सगळं परत वाचायचं, परत सगळ्यांशी सहमत व्हायचं, आणि मग रविवारी परीक्षेत नेमकं उलट उत्तर द्यायचं, हे आठवून बाईंचा धरलेला खांदा पुन्हा ठणकला. शेजारी टॅबवर आधीच्या फाइलमधली ती कोरी स्लाइड. एक वाक्य, खाली दुसरं वाक्य, आणि 'इम्प'. मधे कोणी बोलत नव्हतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"काय राहू दे?"

"हेच वाचते. डोळ्यांना बरं वाटतंय."

थकलेल्या माणसाला कोरं पान आवडतं, त्यात त्याचा काही दोष नसतो. तो आठवडाभर बाईंनी कोऱ्या स्लाइड वाचल्या. मूल रडलं तर भावनिक कारणांचा शोध. बरं. लेखनदोष दुरुस्त करू नये. बरं. सुरुवातीला रिकाम्या जागी काहीतरी होतं असं बोचायचं. गुरुवारपर्यंत बोचणं थांबलं. शुक्रवारी वर्गात शिवा रडत होता, तर बाईंनी त्याच्यासमोर बसून "तुला कसं वाटतंय?" असं विचारलं. शिवा घाबरून रडायचा थांबला. मग त्याने खरं कारण सांगितलं, आणि ते चड्डीचंच होतं.

परीक्षेला दोघींचं केंद्र भाईंदरच्या एकाच शाळेत आलं. बाकावर बसल्यावर बाईंना आणखी एक गोष्ट कळली, म्हणजे माहीत होती पण आता अंगावर आली: इथे लिहायचंच नव्हतं. चारातला एक गोल काळा करायचा. इतकी वर्षं घोटून घोटून सुबक केलेल्या अक्षराचा तिथे कोणाला काही उपयोग नव्हता. बाईंनी गोल मात्र सुबक काळे केले.

मधेच प्रश्न आला: वर्गात मूल रडत असल्यास शिक्षक प्रथम काय करील? पहिला पर्याय, भावनिक कारण शोधेल. दुसरा, शारीरिक गरज तपासेल. बाईंच्या डोळ्यांपुढे स्लाइड आली, स्वच्छ, मंद उजेडातली. तिच्यावर कोणाचंच अक्षर नव्हतं. त्यांनी पहिला गोल काळा केला. हात जराही थांबला नाही, आणि तो थांबला नाही याचंच त्यांना बाहेर आल्यावर नवल वाटलं.

बाहेर विल्मा भेटली. चेहरा फुललेला. "गो, काय सोपा पेपर! सगळा तुज्या नोट्समधला. तो रडका पोर पन आला. मी लगेच चड्डी मारली."

"विल्मा, तू स्लाइड नाही वाचलीस?"

"स्लाइड कशाला वाचू? ती छापलेली हाय. तुजा हात वाचला. तुजा पटतं ना!"

दोघींनी फाटकाबाहेर उसाचा रस घेतला. विल्माने पोरगं, खिचडी, लेखनदोष अशी एकेक उत्तरं आनंदाने सांगितली, आणि बाई एकेक घोटाबरोबर ती चूक म्हणून मोजत राहिल्या. एकही उत्तर खोटं नव्हतं.

निकाल जानेवारीत लागला. सुचेताबाई काठावर पास. विल्मा काठाच्या खाली, फार नाही, चार-दोन पोरांच्या रडण्याइतकी. शाळेत बाईंचा सत्कार झाला. त्या शिक्षक असल्याचं आता सिद्ध झालं होतं. नारळ देताना मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, अनुभव कामाला आला." बाईंनी नारळ घेतला.

संध्याकाळी त्यांनी विल्माला फोन लावला. वाजत राहिला, मग उचलला गेला. पलीकडे मासळीवाल्यांचा गलका होता.

"विल्मा, माझ्यामुळे झालं गं."

"काय तुज्यामुळे? मीच गाढव. व्हिन्सेंट बोलला, परीक्षा दुसऱ्याच्या डोक्याने द्यायची नसते." मग कोणाला तरी भाव सांगून ती परत फोनवर आली. "अजून एक संधी हाय म्हनतात. त्यात न्हाय झालं तं मी बोंबील निवडीन, दुसरा काय. बरा ऐक. तुजी ती कोरी पाठव ना. जी तू वाचलीस ती."

"पाठवते."

टॅब उघडला. अ‍ॅपने नेहमीसारखं विचारलं: टिपणांसह की टिपणांविना? बाई बोट वर धरून बसल्या. परीक्षेच्या पेपराला लागला नव्हता तेवढा वेळ ह्या प्रश्नाला लागला. मग त्यांनी 'टिपणांविना' दाबलं. आपली मैत्रीण नोकरीवर राहावी म्हणून 'इम्प'सुद्धा जाऊ दिलं. फाइल गेली.

"काय करतेस मम्मी?" स्वप्नाली आली. "आता पुरे ना. पास झालीस."

"विल्माने परत पाठवलेली ती माझी फाइल कुठे गेली?"

"चॅटमध्येच असेल. कशाला?"

"आत घे अ‍ॅपमध्ये."

स्वप्नालीने घेतली. ती बोडकी अक्षरं पुन्हा काचेवर दाटली. बाईंनी चष्मा नीट नाकावर बसवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हात काचेवर टेकवला. उमटला नाही. त्यांनी पहिल्या शब्दावर पेन ठेवलं आणि थांबल्या.

"जाईल का?"

"नाही जाणार. तू पाठवलीस तेव्हाच ती शाई पानात मुरली. आता ते छापल्यासारखं आहे. त्याला काही कर, खोडरबराने घास, रेघ मार, हलणार नाही."

"म्हणजे आता हेही छापील झालं?"

"तसंच समज."

"मग आता हे परीक्षेला विचारायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. स्वप्नाली हसली. बाई हसल्या नाहीत. त्या 'आधी'वर रेघ देत होत्या. मग 'चड्डी'वर. आतल्या खोलीतून जितेंद्र ओरडले, "जेवायचं काय?" आणि बाई "बरं" म्हणाल्या, आणि 'बघावी'वर डावीकडून उजवीकडे, हात न उचलता, रेघ ओढली. शब्द तिथेच राहिला.